वीस मिनिटांचा अनुभव आणि सहा वर्षांचा शोध

प्रश्न: "वय ३८, नांदेडला असतो. सहा वर्षांपूर्वी ध्यानाच्या शिबिरात सातव्या दिवशी शरीर विरघळल्यासारखं झालं. 'मी' नव्हतोच, नुसता प्रकाश आणि शांतता. वीसेक मिनिटं. त्यानंतर रोज बसतो, अजून तीन शिबिरं केली, जप, प्राणायाम, मौन सगळं करून पाहिलं, पुन्हा तसं झालं नाही. आणि जिथे जावं तिथे ऐकवतात की शोधणारा आणि ज्याला शोधतो ते एकच आहे. आता हे वाक्य ऐकलं की चीड येते. एकच आहे तर मला मिळत का नाही?"

तुमच्या शेवटच्या वाक्यातल्या 'मिळत' या शब्दाशी थोडं थांबू या, कारण गाठ तिथेच बसली आहे. मी अंबाजोगाईला राहते. शाळेत मराठी शिकवत होते, आता निवृत्त आहे. गेली २६ वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे वेदान्ताच्या वाचनाची बैठक असते. या काळात तुमच्यासारखी चीड घेऊन आलेली बरीच माणसं मी पाहिली आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. ज्याला चीड येते, त्याने ते वाक्य निदान मनावर घेतलेलं असतं. बाकीचे मान डोलावून चहा घेतात.

आधी ते वाक्य कशाबद्दल आहे ते पाहू. तुम्ही ते त्या वीस मिनिटांबद्दल आहे असं धरलंय. म्हणजे 'शोधणारा आणि शोधलेलं एक होतं' अशी एक अवस्था असते, ती मला एकदा लागली, आता ती परत लागायला हवी, असं. पण सांगणारा अवस्थेबद्दल बोलतच नाही. आज सकाळी चिडून आसनावरून उठणाऱ्या माणसाबद्दल तो बोलतोय. हा फरक ऐकताना बारीक वाटतो, पण तुमची सहा वर्षं याच फरकात गेली आहेत.

आदि शंकराचार्यांनी हे ज्या रीतीने मांडलं, ती मला आजवर सगळ्यांत स्वच्छ वाटत आली आहे. ब्रह्मसूत्रावरच्या भाष्यात ते म्हणतात की कोणत्याही क्रियेचं फळ चारच प्रकारचं असू शकतं. एक, जे नव्हतं ते तयार होणं: पिठाची भाकरी झाली. दुसरं, जे लांब होतं तिथे पोचणं: लातूरहून निघालो, परभणीला उतरलो. तिसरं, एकाचं दुसरं होणं: दुधाचं दही झालं. चौथं, मळ निघणं: काळवंडलेली समई चिंचेने घासली आणि लखलखली. उत्पाद्य, आप्य, विकार्य, संस्कार्य अशी त्यांची नावं आहेत. नावं विसरलात तरी चालेल, भाकरी-परभणी-दही-समई लक्षात ठेवा. आता तुम्ही जे काही करून पाहिलंत ते यातल्या कशासाठी होतं ते बघा. ती शांतता पुन्हा तयार करायची, तिथे पुन्हा पोचायचं, या अस्वस्थ मनाचं त्या मनात रूपांतर करायचं, नाहीतर घासून घासून मळ काढायचा. याखेरीज साधनेचा पाचवा हेतू मला अजून कोणी सांगितलेला नाही.

आचार्य म्हणतात, तुम्ही जे आहात ते यातल्या कशानेही मिळणार नाही. आहे ते तयार कसं करणार? स्वतःपर्यंत पोचायला निघाल तर कुठल्या फाट्यावर उतरणार? जे बदलून 'ते' होईल ते पुन्हा बदलेल, कारण बदलणं हा त्याचा धर्मच ठरला. आणि घासायचं म्हटलं तर घासणारा आणि समई वेगळे लागतात. म्हणून तुमचे प्रयत्न कमी पडले असं मी म्हणणार नाही. तुम्ही मन लावून केलंत, पण क्रियेने ज्या गोष्टीला हात लागत नाही, ती क्रियेकडून मागितलीत.

यावर तुम्ही म्हणाल, पण ती वीस मिनिटं खोटी होती का? नाही. ती झाली आणि छान झाली. फक्त तिच्याबद्दल तुम्ही एक गोष्ट नीट पाहिलेली नाही असं मला वाटतं. 'मी नव्हतोच' असं तुम्ही लिहिलंय. हे तुम्हाला कसं कळलं? तिथे कोणीच नसतं, काहीच उजेडात नसतं, तर ती वीस मिनिटं तुमच्या आयुष्यात नोंदलीच गेली नसती. नव्हतं ते नांदेडचं, ३८ वर्षांचं, नोकरीचं, नातेसंबंधांचं जे ओझं आपण 'मी' म्हणून वागवतो ते. ते ओझं गळालं, आणि गळालं हे ज्याच्या उजेडात कळलं तो उजेड गळला नाही. जुने लोक यासाठी झोपेचा दाखला देतात: सकाळी उठून आपण म्हणतो, 'गाढ झोपलो, काही कळलं नाही', आणि ते 'काही न कळणं' आपल्याला ठाऊक असतं. या दाखल्यावर आक्षेप घेणारेही आहेत, की हा जागं झाल्यावर केलेला अंदाज असेल. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. म्हणून मी झोपेपेक्षा जागेपणीचं उदाहरण घेते, जे तपासून पाहता येतं.

आमच्या बैठकीत वीज खात्यातले एक लाइनमन येत असत. अतिशय नेमाचा माणूस. चार वर्षं त्यांनी ध्यानाची वही ठेवली होती. रोज पहाटे साडेचार ते सव्वापाच बसायचं आणि उठल्यावर त्या दिवसाच्या बैठकीला दहापैकी गुण द्यायचे. एकदा म्हणाले, "ताई, चार वर्षांत नऊ गुण फक्त अकरा वेळा. मग हे सगळं कशासाठी?" मी त्यांना पुढच्या गुरुवारी वही आणायला सांगितलं. लांब, कापडी पुठ्ठ्याची, हिशेबाची वही होती. मी म्हटलं, नऊवाला दिवस नको, दोन गुणांचा एखादा दिवस वाचा. त्यांनी वाचलं: "मन फार भटकले. तीनदा उठावेसे वाटले. शेजारच्या पंपाचा आवाज. गुण दोन."

मी विचारलं, "तीनदा हे कोणी मोजलं?"

ते म्हणाले, "मीच."

"भटकत होता तो मोजत होता का? जो भटकलाय त्याला तर आपण भटकलोय हेही ठाऊक नसतं. पंपाच्या आवाजात गेलात तेव्हा गेलातच. मग भटकलो, परत आलो, पुन्हा उठावंसं वाटलं, हे सगळं ज्याला दिसलं, तो या पाऊण तासात कुठे गेला होता का?"

बराच वेळ ते वहीकडे बघत राहिले. मग मी नऊ गुणांचं पान काढायला सांगितलं. तिथे लिहिलं होतं: "अत्यंत शांत. वेळ कळला नाही." पुन्हा तेच विचारलं. शांत आहे हे कुणाला दिसलं? त्या दिवशी दिसणं जास्त होतं आणि दोन गुणांच्या दिवशी कमी होतं, असं काही आहे का? त्यांनी दोन्ही पानं शेजारी ठेवली आणि म्हणाले, "दिसणं सारखंच आहे. दिसलेलं वेगळं आहे."

बैठकीतल्या बाकीच्यांना वाटलं की झालं, यांना उमगलं. पण खरी अडचण पुढच्या गुरुवारी आली, आणि तुमच्या प्रश्नाचं मूळही तिथेच आहे. ते आले ते रागावलेलेच. "ताई, आठ दिवस पाहिलं. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. पण हे तर पहिल्यापासूनच होतं. यात मला मिळालं काय?"

अनुभवाच्या मागे असलेल्या माणसाला अद्वैत का खुपतं, ते या एका वाक्यात आलंय. त्याला हवी असलेली गोष्ट खास असते. आधी नसते, मग येते, आल्याचं कळतं, दुसऱ्याला सांगता येतं. आणि दाखवली जाते ती गोष्ट या चारही कसोट्यांवर नापास होते. ती कधी नव्हती असं नाही, म्हणून ती आली असंही होत नाही. तिला चव नाही, रंग नाही, प्रकाशही नाही, कारण तुम्ही शिबिरात पाहिलेला प्रकाशसुद्धा तिला दिसलेला होता. चार वर्षांच्या पहाटे खर्चून माणसाच्या हातात जे येतं ते इतकं साधं असतं की त्याला फसवल्यासारखं वाटतं. दुसरंही एक आहे, ते जास्त दुखतं. 'मी साधक आहे, मी शोधतोय' ही आपली ओळख झालेली असते. घरचे, मित्र आपल्याला तसंच ओळखतात. शोधणारा आणि शोधलेलं एकच, हे खरं धरलं तर त्या ओळखीला उभं राहायला जागा उरत नाही. चीड बरीचशी तिची असते. त्या लाइनमनना मी त्या दिवशी काही उत्तर दिलं नाही. 'मिळालं काहीच नाही, हे खरं आहे' एवढंच म्हटलं.

इथे मला आपल्याच भागातली कथा आठवते. धाराशिवजवळच्या तेरला गोरोबाकाकांचं घर. परंपरेत सांगतात की संतमंडळी जमली असताना मुक्ताबाईंनी गोरोबांना विचारलं, यातली पक्की मडकी कोणती आणि कच्ची कोणती. गोरोबांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. नामदेवांना ते सहन झालं नाही, आणि गोरोबा म्हणाले, हे मडकं कच्चं. ही कथा आपण नामदेवांचा अहंकार उतरला अशी सांगून मोकळे होतो. पण कच्चं कोणाला म्हटलं ते पाहा. ज्यांच्या हातचा नैवेद्य विठ्ठलाने खाल्ला, ज्यांच्याशी तो बोलत असे, त्यांना. अनुभव मोजायचा तर त्या मंडळीत त्यांच्याइतका अनुभव कोणाला होता?

मी लहानपणी कुंभाराच्या अंगणात बराच वेळ बसत असे. वाळलेलं कच्चं मडकं आणि भाजलेलं मडकं आकाराने अगदी सारखं दिसतं. बोटाच्या पेराने वाजवलं की भाजलेलं ठणकन बोलतं आणि कच्चं बद्द वाजतं. कच्च्यात पाणी ठेवा, बुडाची माती मऊ पडून ओघळायला लागते. नामदेवांचा विठ्ठल समोर होता, म्हणजे नामदेव आणि विठ्ठल असे दोन होते. समोरचा दिसेनासा झाला की ते कासावीस होत. तुमची वीस मिनिटं तुमच्यासमोर आली होती, आणि गेल्यावर तुम्ही सहा वर्षं कासावीस आहात. आकार सुंदर आहे, पण पाणी ठरत नाही.

पुढे नामदेव औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले. विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेव म्हणाले, पाय काढा. विसोबा म्हणाले, मी थकलोय, जिथे देव नाही तिथे तूच माझे पाय उचलून ठेव. जिथे ठेवावेत तिथे पिंड. चमत्कार म्हणून ही कथा कोणी मानो न मानो, पण विसोबांनी काय केलं नाही ते मला मोलाचं वाटतं. त्यांनी नामदेवांना आणखी मोठं दर्शन घडवलं नाही. देव नसलेली जागा शोधायला लावली. हे काम तुम्हीही करू शकता: त्या वीस मिनिटांत जो जाणत होता, तो जिथे नाही असा आजचा एक क्षण मला काढून दाखवा. बसमध्ये, साहेबांच्या बोलण्यात, मुलावर ओरडताना. चिडलात ते कळलं ना? मग तो तिथेही होता.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या स्पष्ट बोलते. 'मी नाही' ही भावना तुम्हाला नंतर कधी भीतीसोबत येते का? माणसं, घर, स्वतःचे हात परके किंवा खोटे वाटतात का? झोप उडाली आहे का, कामात लक्ष लागत नाही असं आठवडेच्या आठवडे होतं का? यातलं काही असेल तर लांब बसणं आणि शिबिरं थांबवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तिथे वेदान्ताचं वाक्य उपयोगी नसतं, कधी कधी नुकसान करतं. आमच्या बैठकीतल्या एका मुलीच्या बाबतीत हे ओळखायला मला पाच महिने उशीर झाला, त्याचं वाईट मला अजून वाटतं. दुसरं, अलीकडे घरात मोठं दुःख झालं असेल तर आधी ते रडून घ्या. 'सगळं एकच आहे' हे त्याच्यावर झाकण म्हणून ठेवू नका.

ध्यान सोडायचं का, हेही विचाराल. मी सोडायला सांगत नाही. क्रियेने आत्मा मिळत नाही, पण मन ठिकाणावर येतं आणि ऐकलेलं आत उतरायला ते लागतं. समई घासायला हरकत नाही, घासण्यातून ज्योत निघेल असं मानू नका, इतकंच. काहीजण 'शोधणाराच शोध आहे' हे ऐकून साधना टाकतात आणि झोपून राहतात. त्यांचं ओळखायला सोपं असतं. घरात कोणी दोन शब्द बोललं की तेच जुने संताप उसळतात आणि तोंडी ब्रह्म असतं. याच्या उलटही एक फसगत आहे आणि तुमच्यासारख्या मेहनती माणसाची तीच होते. साक्षी म्हणजे डोक्याच्या मागे बसलेला कोणीतरी पाहणारा, असं धरून तो त्या पाहणाऱ्याला पाहायला लागतो. कपाळ जड होतं, डोळ्यांमागे ताण येतो. असा ताण आला की समजा, आपण पुन्हा एक वस्तू बनवली आणि तिच्या मागे लागलो. जे दिसतंय ते तुम्ही नाही, मग त्याचं नाव साक्षी का असेना. तेव्हा काही करायचं नसतं, ताण आलाय हे कळतंय तेवढ्यावर राहायचं.

म्हणून पुढचे तीन महिने असं करून पाहा. रोज वीस मिनिटं बसा, जास्त नको. मोजमाप, तुलना, वही काही नको. मन 'अजून तसं झालं नाही' असं म्हणेल, दिवसातून दहा वेळा म्हणेल. तेव्हा त्याला गप्प करू नका. 'अजून नाही' हे वाक्य उमटलं ते कशात कळलं, इतकंच बघा आणि उत्तर शब्दात आणू नका. सोबत एखादा मूळ ग्रंथ कोणा जाणत्यापाशी बसून, प्रश्न विचारत, ओळीने ऐका. शिबिरातली सुटी वाक्यं पुरत नाहीत. आधी ऐकणं, मग शंका फिटेपर्यंत त्यावर विचार, आणि मग त्यात मुरणं, हा क्रम आहे. तुमचं मुरणं सहा वर्षं चाललंय, ऐकणं मात्र नीट झालेलं दिसत नाही.

आणि कळल्यावर लगेच सगळं निवेल अशी अपेक्षा ठेवू नका. दहा जण नदी उतरून गेले आणि मोजणारा स्वतःला मोजायचा विसरला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पंचदशीत विद्यारण्यांनी तिच्यात एक बारीक तपशील घातला आहे, तो क्वचित सांगितला जातो. 'दहावा तूच' हे कळताच त्या माणसाचं रडणं तिथल्या तिथे थांबतं. पण दहावा बुडाला म्हणून त्याने डोकं आपटून घेतलेलं असतं, ती जखम मात्र हळूहळू, महिन्याभराने भरते. लाइनमनांचंही असंच झालं. गुण देणं त्यांनी बंद केलं, पण पहाटे उठल्यावर हात वहीकडे जायचा असं ते वर्षभर सांगत होते. नंतर त्यांची आई सहा महिने अंथरुणाला खिळली होती, तेव्हा बसणं जवळजवळ बंदच झालं. त्या दिवसांत ते एकदा भेटले आणि म्हणाले, "ताई, परवा जुनी वही उघडली. दोन गुणांचं पान आणि नऊ गुणांचं पान, दोन्हीकडे अक्षर माझंच."

आणखी एका शिबिराचा विचार तुमच्या मनात असणार. जायचं असेल तर जरूर जा, शांत बसायला ती जागा चांगली असते. फक्त सातवा दिवस उजाडला की आत वाट पाहणं सुरू होईल. ते सुरू झालंय हे तुम्हाला लगेच कळेल. तेव्हा येणाऱ्या प्रकाशाकडे डोळे लावून बसू नका. वाट पाहणं ज्याला कळतंय, त्याच्यापाशी थांबा आणि जेवणाची घंटा झाली की उठून जेवायला जा.